साध्या पाण्याचं रीडिंग

त्या तासासाठी मी केलेली यादी आजही तोंडपाठ आहे. बीकर दोन, बर्नर दोन, तिवई दोन, जाळी दोन. थर्मामीटर दोन. थर्मामीटर धरायला स्टँड. प्रयोगशाळेतलं शुद्ध मीठ, आधीच तोलून पुडीत बांधलेलं. डिस्टिल्ड पाणी. पाणी उसळू नये म्हणून टाकायचे चिनीमातीचे बारीक तुकडे. काडेपेटी, आणि ती सर्दावली तर लायटर. प्रत्येक गोष्ट जोडीने घ्यायची ही माझी सवय. एक बिघडलं तर दुसरं हाताशी पाहिजे. घरी माझे मिस्टर याला हसतात. गावाला निघताना मी छत्र्यासुद्धा दोन घेते.

यादीत सामान सगळं होतं. एक काम मात्र नव्हतं, आणि ते सुचायला मला सतरा वर्षांची एक मुलगी लागली.

तो तास साधा नव्हता. माझं माहेर वर्ध्याचं. लग्नानंतर रायपूरला आले, मिस्टरांचं ऑफिस शहरातल्याच भनपुरीला. मुलं लहान होती तोवर मी घरीच शिकवण्या घेतल्या. मुलं मोठी झाली तेव्हा या शाळेत आठवीला विज्ञान शिकवायला लागले. मग एका जूनमध्ये बारावीचे केमिस्ट्रीचे शिक्षक अचानक नोकरी सोडून गेले आणि प्रिन्सिपल मॅडमनी वर्ग माझ्याकडे दिला. तात्पुरता. "ऑगस्टमध्ये तुमचा एक तास बघू, मग ठरवू," असं त्यांनी सांगितलं होतं. तास पसंत पडला तर बारावी माझी. नाही पडला तर नवीन माणूस येणार आणि मी परत आठवीला.

आठवीबद्दल माझी तक्रार नाही. पण एम.एस्सी. केल्यानंतर इतकी वर्षं ज्या प्रयोगशाळेपासून लांब होते, तिथे मी पुन्हा उभी राहिले होते. सकाळी कुलूप उघडलं की येणारा तो गॅसचा आणि ॲसिडचा मिसळलेला वास मला आवडतो. या वयात दुसरी कुठली शाळा मला बारावी देणार नव्हती, हे मला पक्कं माहीत होतं. म्हणून तो तास.

तास बघायला येणार होते विज्ञान विभागाचे प्रमुख. आम्ही त्यांना नुसतं सर म्हणत असू. ब्राह्मणपाऱ्यातलं जुनं मराठी घर, चार पिढ्या इथेच. पोरांशी हिंदी, प्रिन्सिपलशी इंग्रजी, माझ्याशी मराठी. स्वतः केमिस्ट्रीचेच. स्टाफरूममध्ये त्यांच्याविषयी एकच माहिती मिळायची: मागच्या बाकावर बसतात, चष्मा कपाळावर ठेवतात आणि तास संपेपर्यंत एक शब्द बोलत नाहीत.

विषय मी निवडला होता. कोलिगेटिव्ह प्रॉपर्टीज, म्हणजे द्रावणाचे असे गुणधर्म जे विरघळलेल्या कणांच्या संख्येवर अवलंबून असतात, ते कण कशाचे आहेत यावर नाही. पोरं हा धडा सूत्रांनी शिकतात आणि सूत्रांनीच विसरतात. मी ठरवलं, मिठाचं पाणी प्रत्यक्ष उकळून दाखवायचं. मीठ घातलं की पाण्याचा उत्कलनबिंदू वाढतो. किती वाढेल ते आधी फळ्यावर काढायचं, मग थर्मामीटरवर बघायचं.

यात एक छोटी गंमत मी लपवून ठेवली होती. एक किलो पाण्यात एक मोल कण विरघळले, तर उत्कलनबिंदू साधारण 0.52 अंशाने वाढतो. मिठाचा एक मोल म्हणजे साडेअठ्ठावन्न ग्रॅम. म्हणजे पोरं फळ्यावर 0.52 काढणार. पण मीठ पाण्यात गेलं की त्याचे सोडियम आणि क्लोराइड असे दोन आयन सुटे होतात, कण दुप्पट होतात आणि वाढ जवळपास एक अंश येते. तेव्हा पोरं म्हणणार, 100.52 यायला हवं होतं, थर्मामीटर तर 101 दाखवतोय! आणि मग मी म्हणणार, का बरं? असा सगळा बेत.

घरी रंगीत तालीमही केली. अडीचशे ग्रॅम पाणी, त्याच प्रमाणात चौदा पूर्णांक सहा ग्रॅम मीठ, गॅसवर ठेवून उकळायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजलं. चाळीस मिनिटांच्या तासात बसतंय, खात्री झाली. वेळ मोजली, तापमान नाही. तापमान काय मोजायचं, ते तर माहीतच होतं.

सर घंटेच्या आधीच येऊन मागे बसले. चष्मा कपाळावर. मांडीवर फाइल.

मी सुरुवात लग्नाने केली.

"शादी में केटरर क्या गिनता है?" मी विचारलं. आमच्या वर्गाची भाषा हिंदीच. अर्धी पोरं घरी छत्तीसगढी बोलतात, काही मराठी, काही ओडिया, पण वर्गात सगळे हिंदीत भेटतात.

"प्लेट!" पुढच्या बाकावरचा एक मुलगा ओरडला. हा वर्गाचा बोलका पोपट. उत्तर येत असो वा नसो, हात वर.

"मामा आया कि फूफा आया, देखता है क्या?"

"नहीं मॅम, फूफा नाराज हो तो भी प्लेट एक ही."

वर्ग हसला; फूफा म्हणजे आत्याचा नवरा, लग्नात रुसण्याचा मान त्याचा. मीही हसले. मग सांगितलं की उकळत्या पाण्याचा हिशेबही असाच, तिथे विरघळलेले कण मोजतात, त्यांचं नातं कोणी विचारत नाही. साखरेचा कण असो की युरियाचा, मोजणीत तो एकच.

मग वाफेचा दाब समजावला. पाणी तापलं की त्याच्या वाफेचा दाब वाढत जातो. तो बाहेरच्या हवेच्या दाबाइतका झाला की पाणी उकळतं. पाण्यात मीठ विरघळलं की त्याच तापमानाला वाफेचा दाब साध्या पाण्यापेक्षा कमी असतो. मग तो बाहेरच्या दाबापर्यंत आणायला पाणी आणखी थोडं तापवावं लागतं. ते आणखी थोडं म्हणजेच उत्कलनबिंदूतली वाढ. फळ्यावर व्याख्या लिहिली आणि 'बाहेरच्या हवेचा दाब' या शब्दांखाली स्वतःच्या हाताने रेघ ओढली. ती रेघ मी ओढली होती, हे मला अजून आठवतं आणि हसू येतं.

मीठ पाण्यात विरघळवलं, बीकर बर्नरवर ठेवला. थर्मामीटरचा फुगा पाण्यात बुडालेला पण तळाला न टेकलेला, तसा स्टँडला अडकवला. पोरांनी तोवर आकडे काढले. 0.52. मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: 100 अधिक 0.52, बरोबर 100.52. पोरांनी वहीत उतरवलं. पाणी खदखदायला लागलं.

"कौन पढ़ेगा?" मी म्हटलं.

पोपट उठलाच होता. थर्मामीटरपाशी गेला, मान वाकडी केली आणि वर्गाकडे तोंड करून जाहीर केलं, "एक सौ पॉइंट बावन, मॅम!"

आमच्या त्या थर्मामीटरवर एकेका अंशाच्याच खुणा होत्या. पॉइंट बावन्न त्यावर दिसणं शक्य नव्हतं. पोराने थर्मामीटर नाही, फळा वाचला होता. ही आमच्याकडची जुनी रीत. आधी उत्तर बघायचं, मग रीडिंग त्याला जुळवायचं. प्रॅक्टिकलच्या वह्या वर्षानुवर्षं अशाच भरत आल्या आहेत. कोणाला त्यात खोटं वाटत नाही. उलट रीडिंग जुळलं नाही तर पोरांना वाटतं आपलंच काही चुकलं.

आणि माझ्या बेतात तर 101 यायला हवं होतं. मी थर्मामीटरकडे बघायला जाणार, तेवढ्यात दुसऱ्या बाकावरची मुलगी उठली.

ही मुलगी रेल्वेच्या डब्ल्यूआरएस कॉलनीतली. वडील रेल्वेत, आई-वडील दोघं गोंदियाकडचे. वर्गाबाहेर मी तिच्याशी मराठीत बोलायची, ती मला हिंदीत उत्तर द्यायची. मराठी कळायचं सगळं, तोंडात यायचं नाही. वर्गात फार बोलायची नाही. ती बीकरपाशी गेली, गुडघे वाकवून डोळे खुणेच्या रेषेत आणले आणि बराच वेळ बघत राहिली.

"मॅम, ये तो सौ पे खड़ा है. बल्कि सौ से जरा-सा नीचे."

"ठीक से देख ना," पोपट म्हणाला. "तेरा चश्मा धुंधला गया भाप से."

"मेरा चश्मा मेरे बैग में है. तू बोर्ड पढ़ के आया है."

वर्ग खिदळला. पोपटाचे कान लाल झाले. मी जाऊन बघितलं. पारा शंभराच्या खुणेला खालून टेकलेला. पाणी छान उकळत होतं. मिठाचं पाणी.

"सादा पानी भी तो सौ पे ही उबलता है ना, मॅम?" ती म्हणाली. आवाज उद्धट नव्हता, खरंच विचारत होती. "फिर नमक ने किया क्या?"

तो क्षण मला अगदी स्पष्ट आठवतो. मागच्या बाकावरून थर्मामीटर दिसत नव्हता. पोपटाचं 100.52 वर्गाने ऐकलं होतं, सरांनीही. मी म्हणू शकत होते, "थर्मामीटर जुना आहे, बसा खाली," आणि पुढचं सूत्र लिहू शकत होते. बारावी माझी झाली असती. बहुतेक. शाळेत असं रोज होतं.

पण तिने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मलाच हवं होतं. खरंच, मिठाने केलं काय? मी मीठ बरोबर तोललं होतं. पाणी बरोबर मोजलं होतं. वाढ व्हायलाच हवी. मग वाढ कशापासून मोजतेय मी?

"साध्या पाण्याचं..." मी मराठीतच बोलून गेले.

"सादे पानी का देखा ही नहीं हमने," मुलीने वाक्य पूर्ण केलं. "सौ लिख दिया बस."

आणि मला माझीच ती रेघ दिसली. बाहेरच्या हवेचा दाब. पाणी शंभर अंशांना उकळतं ते समुद्रसपाटीवरच्या सर्वसाधारण दाबाला. रायपूर समुद्रसपाटीपासून जवळपास तीनशे मीटर उंच. इथे हवेचा दाब कमी. म्हणजे इथलं साधं पाणी शंभरापर्यंत पोचतच नाही. लग्न होऊन इथे आले तेव्हापासून रोज सकाळी चहाचं आधण ठेवतेय, आणि हा विचार कधी डोक्यात आला नव्हता.

दुसऱ्या बीकरमध्ये नुसतं डिस्टिल्ड पाणी ओतलं. जादाचा म्हणून आणलेला बीकर, जादाचा बर्नर. माझ्या सवयीला मिस्टर हसतात, पण त्या दिवशी त्या सवयीने मला उभं ठेवलं. काडेपेटी हातात घेतली आणि पहिलीच काडी मोडली. दुसरीही मोडली. मागून बाक सरकल्याचा आवाज आला. सर उठून पुढे आले, टेबलावरचा लायटर उचलला, बर्नर पेटवला आणि पुन्हा मागे जाऊन बसले.

पाणी तापत होतं. मी दुसरा, कोरा थर्मामीटर उचलला आणि त्यात बुडवायला निघाले.

"मॅडम," मागून आवाज आला. "तोच घ्या."

वर्ग मागे वळला. तास बघायला आलेल्या सरांचा आवाज कोणी कधी ऐकलाच नव्हता. सरांनी चष्मा डोळ्यांवर घेतला होता.

दोनच शब्द, पण माझ्या हातून होऊ घातलेली दुसरी चूक त्यांनी तिथेच थांबवली. दोन थर्मामीटर म्हणजे दोन वेगळ्या खोटी. एक अर्धा अंश जास्त दाखवत असेल, दुसरा अर्धा कमी. मग जो फरक येईल तो मिठाचा की थर्मामीटरचा, कसं कळणार? थर्मामीटर तोच असेल तर तो खोटा असला तरी दोन्ही वेळा सारखाच खोटा, आणि फरक घेताना त्याची खोट निघून जाते. मी पहिला थर्मामीटर काढला, धुतला, पुसला आणि पोरांना हेच सांगितलं.

"मतलब झूठा भी चलेगा," पोपट म्हणाला, "बस एक जैसा झूठ बोले."

"तेरे जैसा नहीं," कोणीतरी मागून म्हणालं.

पाणी उकळायला वेळ लागत होता. एरवी अशा वेळी वर्गात कुजबुज सुरू होते. त्या दिवशी पोरं उठून टेबलाभोवती आली. कोणी बोलावलं नव्हतं. सगळे त्या साध्या पाण्याच्या बीकरकडे बघत उभे. मी इतकी वर्षं शिकवलं, पण साध्या पाण्याकडे इतकं टक लावून बघणारी पोरं तोवर बघितली नव्हती. बुडबुडे तळाला आले, वर आले, मग पाणी खदखदलं.

"पढ़," मी मुलीला म्हटलं. "और अंदाज से मत पढ़ना."

तिने पुन्हा गुडघे वाकवले. "निन्यानबे. निन्यानबे से जरा नीचे."

"और नमक वाला?"

"सौ से जरा नीचे."

"तो नमक ने किया क्या?"

"एक डिग्री बढ़ाया," ती म्हणाली, आणि मग एकदम सरळ उभी राहिली. "मॅम, रायपुर में पानी सौ पे नहीं उबलता?"

मी फळ्यावरच्या रेघेवर बोट ठेवलं. पुढचं मला सांगावं लागलं नाही. पोरांनीच एकमेकांना सांगितलं: उंची, हवेचा दाब, वाफेचा दाब. एकजण म्हणाला, मग मैनपाट तर हजार मीटर उंच, तिथे अजून कमी असणार. दुसरा म्हणाला, म्हणून डोंगरावर डाळ शिजत नाही. मग कुकर आला, कुकरमध्ये दाब वाढतो म्हणून पाणी जास्त तापतं. मी फक्त ऐकत होते.

मग माझी राखून ठेवलेली गंमतही आपोआपच पुढे आली.

"पर मॅम," पोपट म्हणाला. तोवर त्याने वहीत 100.52 खोडलं होतं. "हमने तो आधा डिग्री निकाला था. ये एक कैसे?"

"तू बता. शादी में क्या गिनते हैं?"

तो विचारात पडला. मग कपाळावर हात मारला. "नमक कार्ड पे अकेला आया था, घुसते ही दो हो गया! सोडियम अलग, क्लोराइड अलग. दो प्लेट!"

त्याच्याइतकं नीट मला सांगता आलं नसतं. दुप्पट कण, दुप्पट वाढ. सूत्रात यासाठी i नावाचा गुणक असतो, मिठासाठी तो दोनच्या जवळपास, हे मी लिहिलं. हेही सांगितलं की आपल्या थर्मामीटरवर अर्धा अंश डोळ्यांच्या अंदाजानेच वाचावा लागतो, तेव्हा एका रीडिंगवर फार उड्या मारू नका. उद्या दुप्पट मीठ घालून बघू. दोन अंश वाढले तर विश्वास ठेवा.

घंटा झाली, पण कोणी हललं नाही.

"मॅम, रेकॉर्ड में क्या लिखें?" मागच्या एका मुलीने विचारलं. "सौ या निन्यानबे? बाहर से एक्झामिनर आएंगे."

याचं उत्तर मी अगदी ठरवून, सर ऐकतील अशा आवाजात दिलं. गणितात दाब वेगळा दिलेला नसेल तर शंभरच धरा, तिथे सर्वसाधारण दाब गृहीत असतो. पण प्रॅक्टिकलच्या वहीत जे दिसलं तेच लिहा, आणि खाली लिहा की हे रायपूरचं पाणी आहे.

पोरं गेली. मी बर्नर बंद केले आणि उगाच टेबल पुसत राहिले. सर पुढे आले. मिठाच्या पाण्याचा बीकर अजून गरम होता, त्याकडे बघत म्हणाले, "मॅडम, काडी धरता येत नव्हती. काहून इतक्या घाबरून राहिल्या होत्या?"

"सर, साधं पाणी माझ्या यादीतच नव्हतं," मी म्हटलं. सांगायचं नव्हतं, पण निघून गेलं.

"माझ्याही नसतं," ते म्हणाले. "मले इतकी वर्षं झाली हा धडा शिकवून. मी कधी उकळून नाही दाखवलं. फळ्यावर शंभर लिवायचं अन् पुढे जायचं. आज पहिल्यांदा पाहिलं आपल्या गावचं पाणी कितीवर उकळते." मग दाराकडे वळता वळता म्हणाले, "ते पोट्टी कोणाची हो? तिनं तुम्हाले अडकवलंच होतं."

"रेल्वेवाल्यांची."

"हव. तिला सांभाळा. असे पोट्टे दर वर्षी नाही मिळत."

फाइलमध्ये त्यांनी काय लिहिलं ते मला दिसलं नाही. निकालाविषयी ते एक अक्षर बोलले नाहीत. मी स्टाफरूममध्ये डबा उघडला आणि तसाच बंद केला. ते समोरून तीन वेळा गेले, तिन्ही वेळा मी उगाच वही उघडून बसले. मुलगी बरोबर होती, पोरांना धडा समजला होता. पण काटेकोर माणसाने बघितलं तर एका शिक्षिकेचा प्रयोग भर वर्गात फसला होता, आणि तो एका विद्यार्थिनीने सावरला होता. असंही त्या फाइलमध्ये लिहिता आलं असतं, आणि त्यात एक शब्द खोटा नसता.

दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकलच्या तासाला ती मुलगी घरून स्टीलच्या डब्यात बर्फ घेऊन आली. मी सांगितलं नव्हतं. "मम्मी बोली, फ्रिज खाली कर दिया तूने," असं म्हणत तिने तो बीकरमध्ये काढला, थोडा वितळू दिला आणि थर्मामीटर त्यात धरला. वितळता बर्फ शून्याला, पाराही बरोबर शून्यावर आला. "मॅम, थर्मामीटर नीचे तो सच्चा है," ती म्हणाली. मग आम्ही दुप्पट मीठ घातलं. पाणी एकशे एकच्या किंचित खाली उकळलं. साध्या पाण्यापेक्षा दोन अंश वर. पोपटाने या वेळी रीडिंग स्वतः वाचलं, दोनदा वाचलं, आणि मुलीला म्हणाला, "चेक कर ले." तिने चेक केलं. मग त्याने विचारलं, आई डाळीत मीठ आधी घालते, त्याने डाळ लवकर शिजते का. मी त्यालाच हिशेब करायला लावला. चमचाभर मीठ, लिटरभर पाणी. एक दशांश अंशाच्या आसपास आलं. "मम्मी को नहीं बताऊंगा," तो म्हणाला.

हे चालू असताना सर दारात येऊन उभे राहिले. मी हात पुसत बाहेर गेले. बारावी गेली की राहिली, एवढंच डोक्यात.

"मॅडम, ऑफिसवाले मागे लागले आहेत," ते म्हणाले. "प्रयोगशाळेची वर्षभराची मागणी द्यायची आहे. फेब्रुवारीच्या बोर्ड प्रॅक्टिकलपर्यंत जे जे लागन ते. यादी तुम्हीच करा. मले यादी करता येत नाही, दरवर्षी अर्धं सामान विसरतो."

मला समजायला क्षणभर लागलं. फेब्रुवारीपर्यंत.

"मी करू, सर?"

"मंग कोण करन? वर्ग तुमचा आहे ना." आणि ते गेले. इतकंच. प्रिन्सिपल मॅडमनी नंतर दोन ओळींत कळवलं ते सगळं या वाक्याच्या नंतरचं.

मी तिथेच, व्हरांड्याच्या कठड्यावर कागद ठेवून यादी सुरू केली. आत पोरांचा गलका चालू होता, ती मुलगी कोणाला तरी सांगत होती की डोळा खुणेच्या रेषेत आण, वरून बघशील तर चुकशील. पहिल्या ओळीत मी लिहिलं: थर्मामीटर, अर्ध्या अंशाच्या खुणांचे, सहा. मग सहा खोडून बारा केले. पोरं जोडीने काम करतात, आणि एकाने वाचलेलं दुसऱ्याने बघायला पाहिजे.

सर आता निवृत्त झालेत. मुलगी बी.एस्सी.ला आहे. सदर बाजारात कधी भेटली तर स्कूटी बाजूला घेऊन थांबते आणि आता माझ्याशी मोडकंतोडकं मराठी बोलते. मीच कधी तिला सांगितलेलं नाही की तिच्या त्या एका प्रश्नावर माझी बारावी उभी आहे. तिला वाटतं, तिने मला अडचणीत आणलं होतं. एकदा माफीसुद्धा मागून गेली. पुढच्या वेळी भेटली की सांगायचं आहे. आजच्या यादीत लिहिलंय.

दर वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये हा धडा येतो. मी वर्गाला विचारते, पाणी किती अंशांना उकळतं? सगळे एका सुरात सांगतात, "सौ!" मी हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. आधी साध्या पाण्याखालचा बर्नर पेटवते. अजूनही लायटरनेच.